गव्हात प्रोटीन किती धरायचं? १०.५७, १२.१ की १३.६?

दोनवाट्या

घरातल्या सगळ्यांच्या आहाराचं एक्सेल करायला घेतलंय. निमित्त सासूबाईंचं. वय बहात्तर, शुद्ध शाकाहारी, वर्षभरात वजन बरंच उतरलंय. दिवसाला पोटात प्रोटीन किती जातं ते लिहून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. डाळ, दूध, पनीर यांचं जमलं. घोडं अडलंय ते धान्यावर.

कणकेसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात १०० ग्रॅमला १२.१ आहे. त्याच संस्थेच्या २०१७ च्या नव्या कोष्टकात १०.५७. आमच्याकडे वर्षाचे गहू गावाहून येतात, दीर शेती बघतात. त्यांनी हौसेने एका खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला होता, त्याचा रिपोर्ट म्हणतो १३.६. सासूबाईंची कणीक दिवसाला १५० ग्रॅम धरली तर १५.९ पासून २०.४ पर्यंत काहीही लिहिता येतं. बरोबर आकडा कुठला?

आकडेमोड

सोपं आहे. नवीन ते घ्या. २०१७ चं कोष्टक ताजं आहे, देशभरातून नमुने घेतलेत, आणि आकड्यापुढे ± सुद्धा दिलंय. कणकेला १०.५७ ± ०.३७. दोन्ही बाजूंनी दुप्पट धरलं की ९.८ ते ११.३. झाली तुमची रेंज. १३.६ त्याच्या बाहेर फार लांब पडतो, म्हणजे प्रयोगशाळेने घोळ घातलाय.

ठसका

आमच्या आजीने एक ग्रॅम न मोजता सात पोरं वाढवली. चालू द्या.

शिवारकर

प्रयोगशाळेला एवढ्यात दोष देऊ नका राव. मी निफाड तालुक्यातला, गहू दरवर्षी करतो. एकाच वाणाचा गहू दोन वावरांत दोन तऱ्हेचा निघतो हे आम्ही डोळ्यांनी बघतो. पाण्याखालचा गहू एकरी सोळा-सतरा क्विंटल गेला, युरियाचा दुसरा हप्ता हुकला, की दाणा टपोरा दिसतो पण फोडला की आतून पांढरा, पिठूळ. कोरडवाहू बन्सी एकरी सहा क्विंटलसुद्धा होत नाही, पण दाणा काचेसारखा. दाताखाली धरला की कट्‌ वाजतो. दोघांचं प्रोटीन एक कसं असेल?

दोनवाट्या ताई, दिरांना वाण कोणता आणि पाणी किती दिलं ते विचारा. लोकवन आहे, बन्सी आहे, खपली आहे, का निफाडचं त्र्यंबक-नेत्रावती आहे?

गोडमिट्ट

खपलीचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझी शुगर जेवणानंतर २१० येते. खपली गव्हाच्या पोळ्या सुरू केल्या तर फरक पडेल का? किती खायच्या?

चाळणीतलं_पीठ

गोडमिट्ट, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण इथे बुडून जाईल. वेगळा धागा काढा आणि २१० चं डॉक्टरांना आधी सांगा.

मूळ प्रश्नाकडे येते. मी धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त. आकडेमोड यांनी ± कडे बोट दाखवलं हे चांगलं केलं, बहुतेक लोक तो भाग वाचतच नाहीत. पण तो ± तुमच्या पोत्याचा नाही.

नव्या कोष्टकासाठी देशाचे सहा विभाग पाडले होते. एका विभागातले बरेच नमुने एकत्र मिसळून मग त्या मिश्रणाची तपासणी झाली. ± ०.३७ हा त्या मिश्रणांमधला फरक आहे. आता असं समजा की एका विभागातल्या पाच पोत्यांत ९, १०, ११, १२ आणि १३ टक्के प्रोटीन आहे. मिसळल्यावर ११. दुसऱ्या विभागात ८.५ पासून १३.५ पर्यंतची पोती आहेत, मिसळल्यावर तीही १०.८ वर येतात. कागदावर दोन विभागांत ०.२ चा फरक दिसतो, आणि पोत्यापोत्यांतला चार-पाच टक्क्यांचा फरक मिश्रणातच जिरून जातो.

देशाने सरासरी किती प्रोटीन खाल्लं हे काढायला तो आकडा अगदी योग्य आहे. कोष्टक चुकलेलं नाही. तुमच्या कोठीतल्या गव्हाविषयी मात्र तो फारसं काही सांगत नाही.

आकडेमोड

हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग जुन्या पुस्तकातले १२.१ कुठून आले? चाळीस-पन्नास वर्षांत गव्हातलं प्रोटीन कमी झालं असंच ना? संकरित बियाण्यांनी वाट लावली असं सगळीकडे वाचतो.

चाळणीतलं_पीठ

थोडं बरोबर, पण दोन आकड्यांच्या वजाबाकीतून ते सिद्ध होत नाही. नमुने वेगळे, वाण वेगळे, ओलावा वेगळा. तसं असतं तर तांदळाचं काय? पॉलिश केलेल्या तांदळाला जुन्या पुस्तकात ६.८ आहे आणि नव्यात ७.९४. तिथे प्रोटीन वाढलं म्हणायचं का?

उत्पादन वाढलं की टक्का उतरतो हे खरं आहे. झाडाने जमिनीतून उचललेला नत्र तेवढाच असेल आणि दाण्यात पिष्ट जास्त भरलं, तर प्रोटीन पातळ होतं. पण उंच वाढणाऱ्या जुन्या गव्हाला भरपूर पाणी दिलं आणि खत दिलं नाही तर त्याचाही टक्का उतरेल. वाण वरची मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या किती जवळ जायचं ते जमीन, पाणी आणि खत मिळून ठरवतात. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या एमएसीएस ४०२८ या बन्सी वाणाचं प्रोटीन १४.७ टक्के जाहीर झालेलं आहे. तोच वाण नत्राला भुकेल्या रानात पेरला तर १४.७ मिळेल असं कोणी समजू नये.

दोनवाट्या, रिपोर्ट हाताशी आहे का? १३.६ च्या पुढे किंवा खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

दोनवाट्या

शिवारकरदादा, दिरांना फोन केला. लोकवन आहे, चार पाणी दिलीत.

रिपोर्टवर असं आहे: `Protein (N x 6.25), dry basis: 13.6 %`. त्याखाली `Moisture: 10.0 %`.

चाळणीतलं_पीठ

हेच हवं होतं.

प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नत्र मोजते आणि त्याला एका आकड्याने गुणते. ६.२५ हा सगळ्या अन्नाला सरसकट लावायचा गुणक आहे. अख्ख्या गव्हासाठी खास गुणक ५.८३, मैद्यासाठी ५.७०, तांदळासाठी ५.९५. तुमच्या गव्हात नत्र किती निघाला? १३.६ भागिले ६.२५, म्हणजे २.१७६ टक्के. त्याला ५.८३ ने गुणा, १२.७ येतात.

दुसरी गोष्ट, १३.६ हा पूर्ण कोरड्या गव्हाचा आकडा आहे. तुमच्या डब्यातल्या गव्हात दहा टक्के पाणी आहे. म्हणून १२.७ ला ०.९० ने गुणा. आले ११.४.

गहू तोच, नत्र तेवढाच. कागदावर १३.६ आणि डब्यात ११.४. आकडेमोड, प्रयोगशाळेने घोळ घातलेला नाही.

आता ११.४ लगेच कोष्टकाच्या १०.५७ शेजारी मांडू नका. आधी कोष्टकाच्या पद्धतींच्या प्रकरणात त्यांनी कोणता गुणक वापरलाय ते बघा. ६.२५ असेल तर तुमचाही आकडा ६.२५ वरच ठेवायचा आणि फक्त ओलावा काढायचा, म्हणजे १२.२. दोन्हीकडे एकच गुणक आणि एकच ओलावा असल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

फ्रँकफुर्टकर

आता एक जुनं कोडं सुटलं! इथे युरोपात पाकिटावर प्रोटीन लिहिताना नत्र गुणिले ६.२५ हा नियमच आहे, धान्य कुठलंही असो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या माहितीसाठ्यात मात्र गव्हाला ५.८३ लावतात. मी दोन्हींकडचे आकडे एकाच ॲपमध्ये भरत होतो आणि जर्मन कणीक पौष्टिक निघाली म्हणून खूश होत होतो. ६.२५ आणि ५.८३ मध्येच सात टक्क्यांचा फरक आहे.

आणखी एक. इथे १०० ग्रॅमला १० ते ४० ग्रॅम प्रोटीन असलेल्या पदार्थाच्या लेबलला २० टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे पाकिटावर १२ छापलं आणि आत ९.६ किंवा १४.४ निघालं तरी तपासणीत पास. सरकारनेच रेंज मान्य केलीय, फक्त गिऱ्हाइकाला एकच आकडा दिसतो.

मधलीआळी

माझी गोष्ट उलटी आहे. वडिलांच्या किडन्या कमजोर आहेत. डायलिसिस नाही, पण आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाचं प्रोटीन ४० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. भाकरी आवडते म्हणून दोन्ही वेळा ज्वारी. कोष्टकातल्या ज्वारीच्या ९.९७ वर सगळा हिशेब बसवलाय, दिवसाचे ३९ येतात. हे वाचून धडकी भरली. आमची ज्वारी मंगळवेढ्याहून येते, एकाच शेतकऱ्याकडून, वर्षाची एकदम.

चाळणीतलं_पीठ

घाबरू नका, पण ३९ ला ३९ समजू नका. पोत्यापोत्यांचा हिशेब असेल तर ज्वारीला मी ८ ते १२ धरते. रोजचं पीठ १५० ग्रॅम असेल तर १२ ते १८ ग्रॅम, म्हणजे तुमच्या १५ च्या तीन खाली किंवा तीन वर.

सासूबाईंना प्रोटीन कमी पडू नये म्हणून दोनवाट्यांनी खालचं टोक बघायचं. तुम्हाला मर्यादा ओलांडायची नाही म्हणून तुम्ही वरचं टोक बघायचं. पण स्वतःच्या मनाने भाकरी कमी करू नका. किडनीच्या माणसाचं पोट अर्धं राहिलं तर शरीर स्वतःचे स्नायू मोडतं, तेही घातकच. ४० चा आकडा ठरवताना बाईंनी ही ढिलाई आधीच धरलेली असू शकते. ‘ज्वारी एकाच शेतातली आहे, आकडा तीन ग्रॅमने हलू शकतो’ एवढं त्यांच्या कानावर घाला आणि पुढचं त्यांना ठरवू द्या.

शिवारकर

मंगळवेढ्याची म्हणजे मालदांडीच असणार. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. खोल काळ्या रानात ओल शेवटपर्यंत पुरते आणि दाणा भरतो. मुरमाड रानात कणीस बाहेर पडल्यावर ओल तुटते आणि दाणा चिमतो. चिमलेल्या दाण्यात पिष्ट कमी भरलेलं असतं, म्हणून प्रोटीनचा टक्का वर जातो. यंदाची ज्वारी बारीक दिसत असेल तर मी वरचं टोक धरीन.

आकडेमोड

मग मोठा दाणा कमी प्रोटीन, बारीक दाणा जास्त प्रोटीन, असा नियम करून टाकू का? एक्सेलमध्ये हजार दाण्यांचं वजन टाकलं की काम फत्ते.

शिवारकर

नाही हो. बारीक दाणा वाणाचा गुणही असू शकतो. बन्सीचा दाणा चांगला लांबट-मोठा असतो आणि तरी प्रोटीन चांगलं. एकाच वाणाचे, एकाच हंगामातले दोन ढीग शेजारी ठेवले तरच असं बघून काही कळतं. बन्सीत दाणा तांबूस-पिवळा काचेसारखा हवा, त्यावर पांढुरके पिठूळ ठिपके दिसले की नत्र कमी पडलं म्हणायचं. लोकवनात एवढं स्पष्ट दिसत नाही.

आणि नत्र कधी मिळालं तेही बघावं लागतं. आमच्याकडे बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. अर्धं पेरणीला, अर्धं तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याबरोबर. लवकर दिलेलं नत्र फुटवे आणि उतारा वाढवतं. ओंबी निघताना मिळालेलं नत्र दाण्याच्या प्रोटीनला लागतं. पण बाजारात प्रोटीनचा भाव कोण देतं? ऑस्ट्रेलियात प्रोटीनवर गव्हाची प्रत ठरते, वरच्या प्रतीला किमान १३ टक्के लागतात. इथे दाण्याची चमक आणि टपोरेपणा बघून बोली लागते. मग शेवटच्या युरियाचा खर्च शेतकरी का करील?

चाळणीतलं_पीठ

शिवारकरांच्या बोलण्याला एक जोड देते. खताने वाढलेलं प्रोटीन आणि मूळचं प्रोटीन सारख्या गुणाचं नसतं. नत्र जास्त मिळालं की दाणा मुख्यतः साठवणीचं प्रोटीन वाढवतो. गव्हात ते ग्लूटेनचं असतं आणि त्यात लायसिन कमी. म्हणजे गव्हाचं प्रोटीन ११ वरून १३ वर गेलं तर शरीराला उपयोगी पडणारा हिस्सा त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून वरच्या टोकाचा फार आनंद मानू नये. ज्वारीत तर प्रोटीन पाण्यात शिजल्यावर पचायला आणखी जड होतं. तो भाग या शीटमध्ये बसणार नाही, पण सोबत वरण किंवा दूध कशाला हवं ते यातून कळतं.

दोनवाट्या

खूप मिळालं, पण मी अजून शीटसमोरच बसलेय. सासूबाईंचं धान्य दिवसाला १५० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम कच्चा तांदूळ. नव्या कोष्टकाने २५.८ ग्रॅम प्रोटीन येतं, जुन्या पुस्तकाने २७.८. ही रेंज एक्सेलमध्ये मांडायची कशी? आणि कणीक चाळली, तांदूळ पॉलिशचा घेतला, त्याचं काय करायचं?

चाळणीतलं_पीठ

आधी चाळणीचं, माझ्या नावाचाच विषय. समजा गहू ११ टक्क्यांचा आहे आणि तुम्ही शंभरातला दहा ग्रॅम कोंडा काढला. कोंड्यात प्रोटीन पंधरा टक्के धरलं तर दीड ग्रॅम गेलं, उरलं साडेनऊ ग्रॅम, तेही नव्वद ग्रॅम पिठात. म्हणजे १०.६. सगळा मिळून अर्ध्या टक्क्याचा फरक, आणि घरची चाळण दहा ग्रॅम कोंडा काढतसुद्धा नाही. पोत्यापोत्यांतल्या फरकापुढे हे काहीच नाही.

नव्या कोष्टकात कणीक १०.५७ आणि मैदा १०.३६ आहे. लोक त्यावरून म्हणतात, बघा, मैद्यात प्रोटीन तेवढंच. पण तो मैदा त्याच गव्हाचा नव्हता. एकाच पोत्यातली कणीक आणि मैदा तपासला तर मैदा साधारण एका टक्क्याने खाली जातो. दोन वेगळ्या गव्हांमधला फरक तो टक्का सहज झाकून टाकतो. तांदळात मात्र पॉलिशचा परिणाम कोष्टकातही दिसतो. हातसडीसारखा तपकिरी ९.१६, पांढरा ७.९४. तेव्हा तांदूळ कुठला ते शीटमध्ये लिहा, चाळणी विसरा.

आता मांडणी. कणकेला ९ ते १३, ज्वारीला ८ ते १२, पांढऱ्या तांदळाला ६.५ ते ८.५ धरा. हा माझा व्यवहारातला अंदाज आहे, कोणी छापलेला नियम नाही. कणकेतून १३.५ ते १९.५ ग्रॅम येतात, म्हणजे १६.५ च्या अलीकडे-पलीकडे ३. ज्वारीतून ६ अधिक-उणे १.२. तांदळातून पावणेचार अधिक-उणे अर्धा. बेरीज सव्वासव्वीस.

जुन्या-नव्या पुस्तकांचं भांडण इथेच मिटतं. २५.८ आणि २७.८ दोन्ही आत बसतात.

आकडेमोड

आता माझं काम. तिन्ही टोकं सरळ मिळवली तर अधिक-उणे ४.७ येतं, म्हणजे २१.५ ते ३१. पण गहू नेमका सगळ्यात वाईट, ज्वारीही वाईट आणि तांदूळही वाईट असं एकदम होणं अवघड. चुका एकमेकींना थोड्या खातात. म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ३ चा वर्ग ९, १.२ चा १.४४, ०.५ चा ०.२५. बेरीज १०.६९, वर्गमूळ ३.३. मग रेंज २३ ते २९.५. अर्धी रुंदी `E` रकान्यात ठेवली असेल तर:

```
=SUM(D2:D4)
=SQRT(SUMSQ(E2:E4))
```

`D` मध्ये मधला आकडा. आणि गंमत बघा, तांदूळ पूर्ण अचूक मोजला तरी ३.२७ चं ३.२३ होतं. बहुतेक सगळी अनिश्चितता गव्हात आहे.

चाळणीतलं_पीठ

छान, पण वर्गमुळाला एक अट आहे, धान्यं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. दोनवाट्यांचा गहू आणि ज्वारी दोन्ही एकाच गावची असेल, वर्ष दुष्काळी असेल, तर दोन्हींचा टक्का एकदम वर जाईल. तेव्हा त्या दोघांची टोकं सरळच मिळवावी लागतील.

आणि वर्षाचं धान्य एकदम भरणाऱ्यांसाठी खरी मेख पुढेच आहे. दर महिन्याला दुकानातून वेगळं पाकीट आणणाऱ्याच्या चुका वर्षभरात एकमेकींना भरून काढतात. मोठ्या गिरण्या तर बऱ्याच ठिकाणचा गहू मिसळूनच दळतात, त्यांच्या कणकेला मी १० ते १२ एवढंच धरीन. पण एका शेतातले गहू कोठीत भरले आणि ते ९.५ चे निघाले, तर ती चूक उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोज त्याच बाजूला राहते. आज कमी, उद्या जास्त असं होत नाही. म्हणून घरच्या गव्हाला रुंद रेंज हवी, आणि तपासणीवर पैसे घालायचे तर तेही घरच्याच गव्हावर.

आकडेमोड

स्वतंत्र नसण्याचा मुद्दा मान्य. पण सरळ बेरीज म्हणजे उगाच भीती. मी तरी वर्गमूळच वापरणार.

चाळणीतलं_पीठ

वापरा. मी किडनीच्या माणसासाठी वापरणार नाही.

ठसका

म्हणजे शेवटी काय, सासूबाईंना अर्धा कप दूध जास्त द्यायचं. एवढं लिहायला एवढा धागा.

दोनवाट्या

ठसका, हसू नका, उत्तर तेच निघालं. सव्वासव्वीस आणि तेवीस यातली तूट तीन-सव्वातीन ग्रॅम. शंभर मिली दुधात जवळपास तेवढंच प्रोटीन असतं. डॉक्टरांना ‘धान्यातून २३ ते २९, हिशेब २३ वर केलाय’ असं लिहून देते.

शीटमध्ये आता प्रत्येक धान्याला असे रकाने केलेत:

```
food, low, mid, high, moisture, N_factor, lot
```

शेवटचा रकाना पोतं कुठलं त्यासाठी. दिरांचा ११.४ गव्हाच्या मधल्या आकड्याला लावू ना? मग रेंज एकदम अरुंद होईल.

चाळणीतलं_पीठ

नमुना कसा घेतला होता त्यावर आहे. एका पोत्याच्या तोंडाशी मूठ मारून पिशवी भरली असेल तर तो त्या मुठीचा आकडा. आठ-दहा पोत्यांतून, वर-मध्ये-खाली असं थोडं थोडं काढून, सगळं एका कापडावर कालवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचे, असं करत अर्धा किलो उरवला असेल तर मी ११ ते १२ धरीन.

दोनवाट्या

विचारलं. मूठच मारली होती. शिवाय गहू दोन वावरांचा आहे, वरचं मुरमाड आणि ओढ्याकाठचं काळं. मूठ कुठल्या पोत्यातली ते त्यांना आठवत नाही.

शिवारकर

मग ९ ते १३ च राहू द्या. आणि पुढच्या मळणीला दोन्ही वावरांची पोती वेगळी बांधून त्यांवर खूण करायला सांगा. ओढ्याकाठच्या रानात आधी हरभरा होता का, तेही विचारून ठेवा. हरभऱ्याच्या बेवडावरचा गहू नत्राला उपाशी राहत नाही.

मधलीआळी

आहारतज्ज्ञ बाईंशी बोललो. त्यांनी ज्वारी ११ ने धरायला सांगितली आणि एका वेळची भाकरी बदलून भात दिलाय. पोतं तपासून घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, रिपोर्ट आणा, पण त्यावर ओलावा आणि गुणक लिहिलेला असेल तरच. चाळणीताई, ज्वारीला गुणक ६.२५ च ना?

चाळणीतलं_पीठ

हो, नेहमीच्या पद्धतीत ज्वारीला ६.२५ च लावतात. ओलावा मात्र त्याच नमुन्याचा मोजून मागा. आणि नमुना देईपर्यंत तो हवाबंद ठेवा, पावसाळ्यात उघड्या पिशवीतलं धान्य दोन दिवसांत ओल धरतं.